मटण कोमट झालं ती वेळ

शनिवार पेठेतल्या लग्नाचं जेवण आजकाल दोन ठिकाणी होतं. दुपारचा मुहूर्त आणि त्यामागची जेवणं पेठेतल्या किंवा शेजारच्या नारायण पेठेतल्या एखाद्या जुन्या कार्यालयात उरकतात. तिथे वरण-भात, मठ्ठा, अळूची भाजी, जिलबी असा बेत असतो, कारण अशा बहुतेक कार्यालयांत मांसाहार चालतच नाही. ज्यांना मटण वाढायचं असतं ते संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी नदी ओलांडतात आणि म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर एखादं लॉन घेतात. मेहुणपुऱ्यातून निघालं तर हे अंतर चार-पाच किलोमीटरच आहे. पण जेवण वाढायची पद्धत मात्र या दोन जागांमध्ये पूर्ण बदलते, आणि या प्रकरणाचा विषय त्या बदलातूनच सुरू होतो.

दुपारी पंगत असते. आचारी मागच्या चुलीवर भाजी उकळत ठेवतो, वाढपी बादली भरून आणतो, ती पाच मिनिटांत पानांवर रिकामी होते आणि माणसं वीस-पंचवीस मिनिटांत जेवून उठतात. पुढच्या पंगतीसाठी पुन्हा चुलीवरची बादली येते. अन्न चूल सोडतं आणि पोटात जातं, यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ सहसा जात नाही. पंगतीला शिस्त लागते आणि पाहुण्यांना ताटकळावं लागतं म्हणून तिला नावं ठेवली जातात, पण अन्न थंड होत पडून राहायला तिच्यात जागाच नाही. बुफेत ती जागा भरपूर आहे. टेबल सात वाजता मांडलं जातं, शेवटचा पाहुणा साडेदहाला ताट घेतो, आणि मधल्या साडेतीन तासांत त्या भांड्यातल्या रश्श्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतही नाही.

हे जे होतं ते ज्या पट्ट्यात घडतं त्याला अन्नसुरक्षेच्या भाषेत डेंजर झोन, म्हणजे धोक्याचा तापमानपट्टा म्हणतात. आपल्याकडे तो ५ ते ६० अंश सेल्सिअस असा शिकवला जातो. ५ अंशांच्या खाली रोगजंतू जवळजवळ वाढत नाहीत, आणि ६० च्या वर ते वाढत तर नाहीतच, हळूहळू मरायलाही लागतात. मधल्या पट्ट्यात मात्र त्यांची संख्या वाढत राहते. या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. अमेरिकेचं कृषी खातं ४० ते १४० अंश फॅरनहाइट म्हणतं, म्हणजे साधारण साडेचार ते साठ अंश सेल्सिअस. ब्रिटनमध्ये ८ आणि ६३ हे आकडे वापरतात. प्रत्येकाने जंतूंच्या खऱ्या मर्यादेपलीकडे थोडी सुरक्षित जागा सोडून आपली रेषा ओढली आहे, इतकाच त्या फरकाचा अर्थ. आपल्या एफएसएसएआयची केटरिंगच्या तपासणीची यादी मांसाहारासाठी याहून कडक आहे. गरम शाकाहारी पदार्थ ६५ अंशांवर आणि मांसाहारी पदार्थ ७० अंशांवर धरून ठेवावेत, असं ती सांगते.

पण पट्ट्याची दोन टोकं पाठ करून फारसं हाती लागत नाही. या ५५ अंशांच्या अंतरात सगळीकडे धोका सारखा नाही. १० अंशांवर ठेवलेल्या मटणात आणि ४५ अंशांवर ठेवलेल्या मटणात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो समजायला एका विशिष्ट जंतूची ओळख करून घ्यावी लागते.

त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. माती, धूळ आणि जनावरांच्या आतड्यात तो सर्रास असतो, त्यामुळे कच्च्या मटणावर तो थोडाफार असणारच असं धरून चालावं. त्याच्याकडे एक खास युक्ती आहे. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच बांधून बीजाणू होतो, आणि हे बीजाणू उकळत्या रश्श्यात तासभर शिजूनही जिवंत राहू शकतात. म्हणजे मटण व्यवस्थित, अगदी हाडापासून सुटेपर्यंत शिजलं तरी हा पाहुणा टोपात शिल्लक असतो. उलट शिजवण्याने त्याची सोयच होते. उष्णता मिळाल्याने बीजाणू जागे व्हायला तयार होतात, उकळण्याने रश्श्यातला प्राणवायू निघून जातो आणि या जंतूला प्राणवायू नकोच असतो, शिवाय त्याच्याशी स्पर्धा करणारे साधे जंतू शिजताना मरून गेलेले असतात. आता त्याला फक्त तापमान खाली यायला हवं असतं.

५० अंशांच्या आसपास तो वाढायला लागतो. सर्वांत जोरात वाढतो ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान. त्या तापमानाला, मांसासारख्या पौष्टिक अन्नात, त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. जंतूंच्या जगात इतका वेग फार थोड्यांना जमतो. हिशेबासाठी बारा मिनिटं धरू. एका ग्रॅम मटणात सुरुवातीला दहा जंतू आहेत असं समजू. तासाभरात पाच वेळा दुप्पट म्हणजे ३२ पट, म्हणून ३२० होतील. दोन तासांनी दहा हजारांच्या घरात जातील. हे आकडे अजून निरुपद्रवी आहेत, कारण माणसाला आजारी पाडायला एका ग्रॅममध्ये साधारण दहा लाख लागतात. तीन तासांनी ते तीन लाखांवर पोहोचतात. साडेतीन तासांच्या आतच दहा लाखांची रेषा ओलांडली जाते आणि चार तासांनी आकडा एक कोटी होतो. म्हणजे पहिल्या दोन तासांत जवळजवळ काहीच घडत नाही असं वाटतं आणि चौथ्या तासात सगळं घडून जातं. नऊ वाजता जेवलेल्यांना काही झालं नाही आणि साडेदहाला जेवलेले आजारी पडले, असं ऐकलं की त्यात नशिबाचा भाग शोधू नये.

प्रत्यक्षात सुरुवातीला जंतूंना जागं व्हायला थोडा वेळ लागतो आणि तापमान नेमकं ४५ वर स्थिर नसतं, म्हणून हा हिशेब वाईटात वाईट परिस्थितीचा आहे. ३० अंशांवर हाच जंतू बराच सावकाश वाढतो, १५ च्या खाली जेमतेम. आणि इथेच बुफेची खरी गोम आहे. पूर्ण थंड पडलेल्या मटणापेक्षा अर्धवट गरम राखलेलं मटण जास्त घातक असू शकतं. चेफिंग डिशखाली विझत आलेली जेलची ज्योत, अर्धवट झाकलेलं झाकण, हात लावला तर ऊबदार वाटणारं भांडं, ही सगळी व्यवस्था मिळून नेमके ४५ अंश तासन्तास टिकवते. परफ्रिंजेन्ससाठी प्रयोगशाळेत जे उबवणी यंत्र लागतं, ते आपण फुलांच्या माळा लावून टेबलावर मांडलेलं असतं.

आता एक संध्याकाळ घड्याळ लावून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण वेळा अशाच असतात. एप्रिल महिना, तीनशे पाहुणे. माणशी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम कच्चं मटण धरलं तर पन्नास किलोच्या आसपास मटण लागतं. सोबत चिकन बिर्याणी, तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण. केटररचं किचन सिंहगड रस्त्याच्या पलीकडे. दुपारी अडीचला मटण शिजून तयार होतं, कारण आचाऱ्याला त्यानंतर बिर्याणीचा दम लावायचा असतो. रस्सा उकळता असताना टोपांवर झाकणं बसतात. इथपर्यंत सगळं उत्तम आहे. मोठ्या, भरलेल्या, झाकलेल्या टोपाची उष्णता फार सावकाश जाते. तासाला सात-आठ अंश उतरले असं ढोबळ धरलं तर साडेपाचला टेम्पो लॉनवर पोहोचतो तेव्हा रस्सा अजून पंचाहत्तर अंशांच्या आसपास असतो. वाटेत वाहतुकीत अर्धा तास गेला म्हणून काही बिघडत नाही. लोक टेम्पोतल्या प्रवासाला घाबरतात, पण झाकलेला भरला टोप हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुरक्षित मुक्काम आहे.

घात होतो पावणेसातला. चेफिंग डिशच्या खालच्या खोलगट भागात पाणी ओततात. हे पाणी नळाचं, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. खाली जेलचे दोन डबे पेटवतात आणि वरच्या थंड स्टीलच्या ट्रेमध्ये सहा-सात किलो रस्सा ओततात. सगळ्यांची समजूत अशी की आता ज्योत पेटली आहे, म्हणजे अन्न गरम होत राहणार. पण सात लिटर पाणी त्या दोन चिमुकल्या ज्योतींवर ऐंशी अंशांपर्यंत जायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात ते पाणी रश्श्याला गरम करत नाही, त्याची उष्णता ओढून घेतं. उघड्यावर ओतताना रस्सा आधीच सात-आठ अंशांनी उतरलेला असतो. लॉनवर वारा असतो, ज्योत आडवी होते, एखादी विझते. सजावट दिसावी म्हणून झाकणं उघडी ठेवतात. सव्वासात वाजता, पहिला पाहुणा फाटकातून आत यायच्या आधीच, रश्श्याचा वरचा थर साठच्या खाली जातो. आपलं घड्याळ इथून सुरू होतं, जेवण सुरू झाल्यापासून नाही.

त्यानंतरचा कार्यक्रम सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नवरी मेकअपमधून पावणेआठला येते, स्टेजवर आहेराची रांग लागते, जवळच्या माणसांना फोटो होईपर्यंत जेवता येत नाही. टेबलाजवळ गर्दी होते नऊला. दहाला स्पीकर बंद होतो, पण जेवणं चालू राहतात. साडेदहाला उशिरा आलेले ऑफिसातले लोक ताटं घेतात. सव्वाअकराला नवरा-नवरी, दोन्हीकडचे आई-वडील, करवल्या, फोटोग्राफर, गाड्यांचे ड्रायव्हर आणि वाढपी बसतात. दिवसभर सगळ्यांत जास्त राबलेल्या माणसांच्या ताटात सगळ्यांत जास्त वेळ पडून राहिलेलं मटण येतं. बुफेचा हा अन्याय मला नेहमी खटकतो.

मग किती वेळ चालेल? अमेरिकन कृषी खात्याचा नियम सोपा आहे. शिजलेलं मांस साठच्या खाली आलं की दोन तास, आणि भोवतालची हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. पुण्यात एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावरही काही काळ हवा त्याच्या आसपास असते, म्हणून आपल्या लॉनवर सव्वाआठ ही वेळ धरावी, फार तर सव्वानऊ. डिसेंबरातल्या रिसेप्शनला दोन तास बिनधास्त धरता येतात. एफएसएसएआयची यादीही काही सवलत देते. किमान ४२ अंशांवर अन्न ठेवलं तर ते दोन तासच. अमेरिकेच्याच आदर्श अन्नसंहितेत चार तासांची एक मुभा आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. भांड्यावर वेळ लिहायची, चार तास संपले की उरलेलं सगळं टाकून द्यायचं, डब्यात भरायचं नाही आणि पुन्हा गरम करायचं नाही. वरच्या हिशेबात चौथ्या तासात जे घडतं ते पाहिलं की त्या अटी का आहेत हे कळतं. लग्नाच्या गडबडीत ती शिस्त कुणी पाळणार नाही, म्हणून दोन तासांचा नियम धरावा असं माझं मत आहे.

हे दोन तास सलग असोत की तुकड्यातुकड्यांनी, त्यांची बेरीज होते. पाऊण तास टेबलावर, मग आत नेऊन थोडं ऊनऊन केलं, मग पुन्हा सव्वा तास टेबलावर, तर दोन तास संपले. घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचा एकच मार्ग आहे. दोन तास पूर्ण व्हायच्या आत रस्सा परत गॅसवर चढवून खदखदून उकळायचा. मधल्या भागाचं तापमान किमान ७५ अंश व्हायला हवं आणि दोन मिनिटं तिथे राहायला हवं. असं केलं की जागे झालेले परफ्रिंजेन्स मरतात. चेफिंग डिशवर हे होत नाही. ती गरम अन्न गरम ठेवण्यासाठी आहे, थंड झालेलं अन्न गरम करण्याची ताकद तिच्यात नाही. ट्रेखाली दुसरा जेलचा डबा लावून रस्सा पुन्हा ऊन करण्याचा प्रयत्न म्हणजे त्याला त्या चाळीस-पन्नासच्या पट्ट्यातून सावकाश फिरवून आणणं.

सगळ्यांत जास्त केली जाणारी आणि सगळ्यांत सहज टाळता येणारी चूक आहे ट्रे भरण्याची. ट्रे अर्धा झाला की वाढपी मागच्या टोपातून गरम रस्सा आणून त्यावर ओततो. ट्रे भरलेला दिसतो, वाफही दिसते. पण तळाशी पावणेसातचे तुकडे तसेच असतात आणि नवा रस्सा जुन्यातल्या जंतूंना हवं तेच तापमान आणून देतो. त्या ट्रेचं वय पावणेसातपासूनच मोजावं लागतं, मग त्यात नऊ वाजता कितीही ताजं पडो. याला उपाय एवढाच की ट्रे लहान घ्यावेत, तीन-चार किलोंचे, आणि एक रिकामा झाला की तो उचलून त्या जागी दुसरा स्वच्छ, भरलेला ट्रे ठेवावा. बाकीचं मटण मागे मोठ्या टोपात मंद गॅसवर, खदखदतं. गर्दी नऊची आहे हे माहीत असेल तर सातला चौदा किलो मटण टेबलावर मांडायची गरज नसते. पाहुण्यांचा ओघ पाहून ट्रे काढायचे, ही पंगतीतलीच अक्कल आहे.

चेफिंग डिशमध्ये पाणी उकळतं ओतावं, आणि रस्सा येण्याआधी दहा मिनिटं झाकण लावून ट्रे वाफेवर तापू द्यावा. ज्योतीभोवती वाऱ्याला आडोसा हवा. बहुतेक जेलचे डबे दोन-अडीच तासांत संपतात, म्हणजे सातला पेटवलेले डबे गर्दी शिगेला असताना, साडेनऊच्या सुमारास विझतात. चौकशी करताना केटररला विचारायचा खरा प्रश्न मेन्यूबद्दलचा नाही. बदलायचे डबे किती आणि ते कोण बघणार, हे विचारावं.

सगळे पदार्थ सारखे थंड होत नाहीत. तांबड्या रश्श्यावर जी तेलाची तर्री तरंगते, ती नुसती चवीची आणि दिसण्याची गोष्ट नाही. ती पाण्याची वाफ होऊ देत नाही, आणि उघड्या रश्श्याची बरीचशी उष्णता वाफेवाटेच जाते, म्हणून तर्रीचा रस्सा पांढऱ्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो. सुकं मटण आणि खिमा यांचं उलट आहे. त्यात रस कमी, त्यामुळे ट्रेच्या तळाची ऊब वरच्या तुकड्यांपर्यंत पोहोचत नाही. तळाला करपतं आणि वर कोमट असतं. तंदुरी आणि कबाब तर काट्याला टोचेपर्यंत गार होतात, म्हणून ते समोर भाजून लगेच ताटात देण्याची, लाइव्ह काउंटरची पद्धत योग्य आहे. बिर्याणी दमाच्या हंड्यात आत खूप वेळ कडक गरम राहते, पण ती उपसून ट्रेमध्ये पसरली की झटकन उतरते, आणि तिच्यात दुसरा एक जंतू वाट पाहत असतो.

तो बॅसिलस सिरियस, भातातला. त्याचेही बीजाणू शिजवण्यातून वाचतात. कोमट भातात वाढताना तो असं विष तयार करतो की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा शिंकेतून येणारा स्टॅफिलोकॉकसही असंच उष्णतेला दाद न देणारं विष सोडतो, आणि शिजल्यानंतर हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांत, हाडं काढून सुट्या केलेल्या चिकनमध्ये वगैरे, तो सहज शिरतो. म्हणून ‘उशीर झाला तर काय, पुन्हा उकळून घेऊ’ हे दोन तासांनंतर चालत नाही. जंतू मरतील, विष राहील.

वास घेऊन यातलं काहीच कळत नाही. मटण आंबणं, बुळबुळीत होणं, वास मारणं हे वेगळ्या जंतूंचं काम आहे, आणि ते सहसा उशिरा सुरू होतं. ग्रॅमला दहा लाख परफ्रिंजेन्स असलेलं मटण चवीला उत्तम लागू शकतं. हळद, लसूण आणि लाल तिखट जंतूंना मारतात हा समजही सोडावा. रश्श्यात जेवढं पडतं तेवढ्याने काही होत नाही.

कळतं ते थर्मामीटरने. सुईसारखी टोचायची दांडी असलेला अन्नाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि लग्नाच्या खर्चात तो हरवून जावा इतका किरकोळ आहे. आणल्यावर तो बरोबर दाखवतो का, हे घरीच पाहता येतं. बर्फाचा चुरा भरलेल्या पेल्यात थोडं पाणी घालून बुडवला की त्याने शून्य दाखवावं. उकळत्या पाण्यात पुण्यात १०० दिसणार नाही, ९८ दिसेल. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी तितक्यालाच उकळतं. थर्मामीटर बिघडला म्हणून तो टाकून देऊ नका. मोजताना रस्सा न ढवळता आधी मधोमध आणि वरच्या थरात मोजावं, दांडी तळाच्या स्टीलला टेकू देऊ नये, आणि जाड तुकडा असेल तर त्याच्या पोटात टोचावी. घरातल्या एखाद्या जबाबदार भाच्याकडे हे काम सोपवावं आणि त्याने साडेसात, साडेआठ आणि साडेनऊला टेबलावरून एक फेरी मारावी. साठच्या वर असेल तर पुढे जायचं. साठच्या खाली असेल तर ट्रे आत पाठवायचा आणि त्याची वेळ लक्षात ठेवायची.

पाहुण्याच्या खिशात थर्मामीटर नसतो. त्याच्याकडे जीभ आहे. साठ अंशांचा रस्सा फुंकर न मारता तोंडात घेताच येत नाही, चटका बसतो. ताट भरून टेबलापासून खुर्चीपर्यंत येईपर्यंत तो थोडा निवतो हे खरं, पण डावातून वाढून घेताक्षणी वाटी हाताला चटकन भाजत नसेल आणि पहिला घोट सहज जात असेल, तर तो रस्सा पन्नासच्या आसपास किंवा खाली आहे. रात्री आठला हे चालून जाईल. साडेदहाला नको. अशा वेळी पोळी, भाजी आणि काउंटरवर समोर भाजलेलं काही घेऊन जेवण उरकावं.

समजा कुणी आजारी पडलंच. कोण, किती वाजता जेवला आणि त्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, एवढं विचारलं तरी दोषी बराचसा ओळखू येतो. मध्यरात्रीच, म्हणजे जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर बिर्याणीतलं किंवा हातावरचं विष असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी, आठ ते सोळा तासांनी, पोटात मुरडा आणि जुलाब, ताप नाही आणि उलटी फारशी नाही, तर तो परफ्रिंजेन्स. हा त्रास धडधाकट माणसात साधारण एका दिवसात थांबतो, म्हातारी माणसं आणि लहान मुलं मात्र त्यात कोरडी पडू शकतात. दीड-दोन दिवसांनी ताप घेऊन जुलाब आले तर साल्मोनेलाचा संशय घ्यावा. तो शिजवताना मरतो, त्यामुळे एक तर चिकन आतून कच्चं राहिलं किंवा कच्च्या चिकनची सुरी-पाट तयार अन्नाला लागला. म्हणजे दोष टेबलावरच्या वेळेत नसून किचनमध्ये आहे. आणि आपल्याकडे लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात हे लक्षात ठेवावं. परफ्रिंजेन्सचा रुग्ण सकाळच्या पोह्यांना शिव्या देत बसतो.

याचा अर्थ मटणच वाईट असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात भगर आणि आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले होते, आणि सलाइनच्या बाटल्या झाडांना बांधलेल्या दोरीवर टांगून त्यांच्यावर रस्त्यालगत उपचार करावे लागले होते. जंतूंना शिजलेलं, ओलसर, पौष्टिक काहीही चालतं. मटण त्यात एवढ्यासाठी पुढे आहे की परफ्रिंजेन्सला ते फारच मानवतं.

राहिला उरलेल्याचा प्रश्न, आणि तोच घरी येतो. रात्री साडेअकराला टोपात बारा-पंधरा किलो रस्सा उरलेला असतो. टाकवत नाही, म्हणून तो गाडीच्या डिकीतून मेहुणपुऱ्यातल्या घरी येतो आणि ओट्याखाली झाकून ठेवला जातो. सकाळी पाव आणून पाहुण्यांना वाढायचा बेत असतो. हा टोप रात्रभर थंड होत असतो, पण इतक्या सावकाश की पहाटेपर्यंत त्याचा गाभा तीस-चाळीस अंशांमध्ये असतो. सकाळी तो नीट उकळला तर परफ्रिंजेन्स मरतील, पण सकाळी सातला माणसं नुकती उठलेली, घाईत, आणि नुसतं ऊन करून वाढण्याकडे कल असतो.

जे ट्रेमध्ये टेबलावर होतं ते लॉनवरच सोडून द्यावं, त्याबद्दल वाद घालू नये. जे मागच्या टोपात शेवटपर्यंत गॅसवर साठच्या वर राहिलं तेवढंच आणावं. ते लगेच थंड करायचं असेल तर नियम असा आहे की दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांवर आलं पाहिजे. भरलेला टोप फ्रिजमध्ये ठेवून हे कधीच होत नाही, उलट फ्रिजमधलं दूध गरम होतं. रस्सा परातींमध्ये आणि ताटांमध्ये दोन इंचांहून कमी थरात ओतावा, लॉनवर सरबतासाठी आणलेला उरलेला बर्फ मोठ्या घमेल्यात पसरून त्यावर त्या पराती ठेवाव्यात, पळीने ढवळत राहावं, आणि वाफ जाऊन भांडं हाताला गार लागलं की लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकावं. चार माणसं हाताशी असतील तर हे तासाभरात होतं. नसतील, सगळेच दमलेले असतील, तर टोप घरी आणूच नये.